नवी बाईक, ५००० आरपीएमची मर्यादा आणि दिवे घाट: इंजिनाला काही झालं असेल का?

निनाद_कर्वेनगर

नमस्कार मंडळी. पाडव्याला नवी बाईक घेतली. १६० सीसी, एअर-ऑईल कूल्ड, पाच गियर. गेल्या रविवारी बायकोला घेऊन जेजुरीला जाऊन आलो, दिवे घाटातून. तेव्हापासून मनात एक शंका घर करून बसली आहे.

मॅन्युअलमध्ये लिहिलंय की पहिले १००० किमी ५००० आरपीएमच्या वर नेऊ नका आणि पहिली सर्व्हिस ५०० ते ७५० किमी किंवा ३० ते ४५ दिवस, जे आधी होईल तेव्हा करा. शोरूममधला मुलगा म्हणाला होता, "सर, ४० च्या वर नेऊच नका, टॉपमध्येच ठेवा, इंजिन मोकळं राहतं." मी तेच पाळत होतो. घाटातही आरपीएम वाढू नये म्हणून गाडी चौथ्या गियरमध्ये ३० ने चढवली. एका वळणावर ऊसाचा ट्रॅक्टर मधेच थांबला होता, त्याला ओलांडताना घाबरून थेट दुसरा टाकला आणि काटा ६५०० पर्यंत गेला. वर पोचल्यावर बायको म्हणाली काहीतरी जळल्याचा वास येतोय.

आता किलोमीटर २१२ झालेत. त्या ६५०० मुळे इंजिन खराब झालं असेल का? आणि ही पहिली सर्व्हिस नक्की ५०० ला करायची की ७५० ला?

रोहन_बाणेर

अजिबात काळजी करू नकोस. हे ५००० वगैरे वकिलांनी लिहिलेलं असतं. नवीन इंजिनात पिस्टनच्या रिंगा पहिल्या ५०-१०० किमीतच बसतात, आणि त्या बसतात जोर लावल्यावर. मी माझी गाडी शोरूममधून काढली ती थेट बायपासला नेली आणि प्रत्येक गियरमध्ये रेडलाईनपर्यंत खेचली. आज २२ हजार किमी झालेत, थेंबभर ऑईल खात नाही. मऊ चालवलेल्या गाड्याच आयुष्यभर सुस्त राहतात.

आबा_चाकण

निनाद, उत्तर देण्याआधी एक विचारतो. चौथ्या गियरमध्ये ३० ने चढताना मूठ किती पिळलेली होती? आणि आवाज कसा येत होता?

(ओळख म्हणून सांगतो, इंजिन असेंब्ली आणि टेस्टिंगमध्ये माझी २६ वर्षं गेली. आता निवृत्त आहे.)

निनाद_कर्वेनगर

आबा, मूठ जवळजवळ पूर्ण पिळलेली होती, तरी गाडी पुढे जात नव्हती. खालून ढकढक जाणवत होतं, टाकी आणि फूटरेस्ट थरथरत होते. मला वाटलं डबलसीट आहे म्हणून असेल. काटा ३००० च्या आसपास होता, म्हणजे मर्यादेत होता.

आबा_चाकण

मग ६५०० ची ती तीन-चार सेकंदं विसरून जा. चौथ्यात पूर्ण मूठ पिळून चढवलेला तो घाट मात्र पुन्हा तसा चढवू नका. त्या दिवशी इंजिनाला त्रास झाला असेल तर तो त्या थरथरीत झाला, ट्रॅक्टरला ओलांडताना नाही.

५००० हा आकडा कशासाठी असतो ते आधी बघू. पिस्टन क्रँकच्या प्रत्येक फेऱ्यात दोनदा थांबतो आणि उलट दिशेने धावतो. या थांबण्या-धावण्याचा ताण आरपीएमच्या वर्गाने वाढतो. ५००० चे ६५०० झाले म्हणजे फेरे ३० टक्के वाढले, पण ताण जवळपास ७० टक्के वाढला. त्यात उष्णता. नवीन पिस्टन आणि बोअर, म्हणजे तो ज्या नळीत वरखाली होतो ती, एकमेकांना अजून सरावलेले नसतात, काही ठिकाणी जास्त घासतात. अशा इंजिनाला बराच वेळ वर धरून ठेवलं तर त्या घासणाऱ्या जागा तापतात, तिथली ऑईलची फिल्म तुटते आणि ओरखडा पडतो. याला वेळ लागतो. दहा-पंधरा मिनिटं बायपासवर ६५०० ला धरून ठेवणं वेगळं आणि ओव्हरटेक करताना चार सेकंद काटा वर जाणं वेगळं. तुमचं मॅन्युअल पुन्हा एकदा वाचा. बऱ्याच कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये "सतत" किंवा "दीर्घकाळ" अशा अर्थाचा शब्द असतो.

आता तो ३००० चा चढ. इंजिन हळू फिरतंय आणि मूठ पूर्ण उघडी आहे, म्हणजे प्रत्येक वेळी सिलिंडरमध्ये भरपूर मिश्रण भरतं आणि स्फोट पूर्ण ताकदीचा होतो. पण पिस्टन सावकाश खाली जातो, त्यामुळे तो दाब जास्त वेळ अंगावर राहतो आणि कनेक्टिंग रॉड तिरका असताना पिस्टनला बोअरच्या भिंतीवर रेटतो. ऑईलची फिल्म मात्र वेगावर टिकते. चपटा दगड जोरात फेकला तर पाण्यावर टप्पे घेत जातो, हळू सोडला तर बुडतो. पंपही इंजिनाबरोबरच फिरतो, म्हणजे ऑईलही कमी, आणि ३० च्या वेगाला फिन्सवर वारा कितीसा लागणार? भार सर्वांत जास्त आणि संरक्षण सर्वांत कमी, असा तो प्रसंग होता.

काट्याची वरची मर्यादा छापलेली असते, खालची नसते. म्हणून माणसं वरची पाळण्यासाठी खालची मोडतात. ४० च्या वेगाने टॉपमध्ये राहा हा सल्ला सपाट रस्त्यावर एकट्या माणसाला कसाबसा चालतो. घाटात तो चुकीचा आहे.

एका घाटाने इंजिन जात नाही, निर्धास्त राहा. जळका वास बहुधा नवीन सायलेन्सरवरच्या रंगाचा आणि संरक्षक लेपाचा असेल. दोन-तीनदा नीट तापला की जातो. फक्त इंजिनाच्या बाहेरून कुठे ऑईल पाझरून सायलेन्सरवर पडत नाही ना, एवढं बघा.

निनाद_कर्वेनगर

खूप हायसं वाटलं. पाझर नाही, आत्ताच टॉर्च लावून बघून आलो. मग घाटात नक्की काय करायचं होतं? आणि रोज कर्वेनगर ते हिंजवडी जातो, तिथे कुठल्या गियरला किती?

आबा_चाकण

तुमच्या गाडीची मोजणी तुम्हीच करू शकता. सपाट रस्त्यावर प्रत्येक गियरमध्ये ३००० ला किती वेग दिसतो ते एकदा टिपून घ्या. १६० सीसीच्या पाच गियरवाल्या गाडीत साधारण असं येतं: टॉपमध्ये ३००० ला ३५-३६ आणि ५००० ला ६०, चौथ्यात ३००० ला ३० आणि ५००० ला ५०, तिसऱ्यात ५००० ला ३८ च्या आसपास. म्हणजे दिवे घाटात तिसरा टाकून ३२ ते ३५ ने चढायचं. काटा ४२००-४५०० ला राहतो, मूठ निम्मी लागते आणि गाडी थरथरत नाही. चढ जास्त असला तर दुसरा टाका, काटा ५३००-५५०० ला गेला तरी जाऊ द्या.

मूठ थोडी जास्त पिळल्यावर गाडीने लगेच ओढ घेतली तर गियर बरोबर आहे. पिळूनही फक्त आवाज जाड झाला आणि वेग वाढला नाही तर एक गियर खाली या. हे कानाला आणि तळपायाला कळतं, काट्याकडे बघावं लागत नाही.

हिंजवडीच्या ट्रॅफिकबद्दल एक सांगतो. किलोमीटरवर जाऊ नका, तास बघा. तुमचा सरासरी वेग १८ पडत असेल तर ५०० किमीला इंजिन जवळजवळ २८ तास चालतं. त्यातला बराच वेळ सिग्नलला उभं राहून, एप्रिलच्या उन्हात, वारा नसताना. तेच ५०० किमी कोणी गावाकडच्या रस्त्यावर ५० ने केले तर १० तास. दोघांच्या ओडोमीटरवर आकडा एकच, इंजिनाचा अनुभव पूर्ण वेगळा.

दातार_सदाशिव

आबांचं बरोबर असेल, पण ४० ची मर्यादा आमच्या काळात अगदी खरी होती. माझी पहिली गाडी टू-स्ट्रोक. पेट्रोलमध्ये टू-टी ऑईल थोडं जास्त घालायचं आणि पहिले हजार किमी ४० ने जायचं, नाहीतर उतारावर मूठ सोडली की पिस्टन जॅम व्हायचा आणि मागचं चाक लॉक. एकदा खंबाटकीत माझ्या मित्राचं तसं झालं. क्लच धरला म्हणून वाचला. तेव्हापासून नवीन गाडीवर दोन बोटं कायम क्लचवर ठेवायची सवय लागली, ती अजून आहे.

आबा_चाकण

दातारसाहेब, तो सल्ला त्या गाडीसाठी योग्यच होता. टू-स्ट्रोकमध्ये वंगण पेट्रोलबरोबर यायचं. उतारावर मूठ बंद म्हणजे वंगणही बंद, आणि इंजिन मात्र जोरात फिरतंय. आताच्या फोर-स्ट्रोकला ऑईल वेगळ्या पंपाने मिळतं, मूठ बंद असली तरी. उलट हिला उतारावर मूठ सोडून गियरमध्येच येऊ द्यावं. सिलिंडरमध्ये पोकळी तयार होते, रिंगांपाशी थोडं ऑईल वर ओढलं जातं, ते भिंत धुतं आणि थंड करतं. शोरूममधून सांगितला जाणारा ४० चा आकडा तुमच्या काळातून तसाच पुढे आला आहे, असं मला वाटतं.

मृण्मयी_औंध

माझी स्कूटर दोन महिन्यांची आहे, ॲव्हरेज फक्त ३८ मिळतं. कंपनी ५० सांगते. रनिंग वाढलं की ॲव्हरेज वाढेल का? सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात वाढेल.

सुप्रिया_गॅरेज_धनकवडी

मृण्मयी, इथला विषय रनिंग-इनचा आहे, पण तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्यातच थोडं आहे. इंजिन मोकळं झालं की ॲव्हरेज किंचित सुधारतं. ३८ चे ५० त्याने होणार नाहीत. टायरची हवा आणि मागचा ब्रेक घासत नाही ना ते आधी बघ. मेन स्टँडवर लावून मागचं चाक हाताने फिरव, मोकळं फिरलं पाहिजे. स्कूटरला गियर आपल्या हातात नसतात, त्यामुळे आबा म्हणतात तसं वरच्या गियरमध्ये इंजिन गुदमरवणं तिच्यात फारसं होत नाही. पूर्ण मूठ पिळून लांबवर जाणं पहिले काही दिवस टाळायचं, बस.

केदार_हडपसर

रोहनच्या म्हणण्यात तथ्य आहे, कारण मी उलट टोकाला जाऊन फसलो. सहा वर्षांपूर्वी १५० सीसीची गाडी घेतली. वडिलांनी बजावलं होतं, म्हणून २००० किमी होईपर्यंत ४० ओलांडलं नाही. कायम टॉप गियर, कायम पाव मूठ, हडपसर ते मगरपट्टा आणि परत. घाट नाही, ओव्हरटेक नाही.

पाच-सहा हजारांनंतर ऑईलची पातळी कमी व्हायला लागली. दर हजार किमीला साधारण ३०० मिली टाकावं लागायचं. सकाळी चालू केली की निळसर धूर, आणि उतारावर मूठ सोडून पुन्हा पिळली की मागच्याला दिसेल एवढा फुगारा. सर्व्हिस सेंटरने दोनदा "सगळ्याच गाड्या थोडं खातात" म्हणून परत पाठवलं. शेवटी नाना पेठेतल्या एका जुन्या मिस्त्रींनी हेड उघडलं. मला जवळ बोलावून बोअर दाखवला. आतली भिंत आरशासारखी चकचकीत होती, फिकट तपकिरी झाक आलेली. मला ते छानच वाटलं. ते म्हणाले, "हे चकचकीत दिसतंय ना, तोच आजार आहे. इथे तिरप्या बारीक रेघा दिसायला हव्या होत्या." त्यांनी बोअरला हलकं होनिंग केलं, रिंगा नवीन टाकल्या, आणि सांगितलं की आता घाबरत चालवायची नाही. त्यानंतर गाडीने ऑईल खाणं थांबवलं.

आबा_चाकण

केदार यांनी जे पाहिलं त्याला आम्ही ग्लेझिंग म्हणायचो. बोअरवर होनिंगच्या तिरप्या एकमेकांना छेदणाऱ्या रेघा मुद्दाम पाडलेल्या असतात. त्यांच्या खाचांत ऑईल राहतं आणि त्यांच्या उंचवट्यांवर घासून रिंग आपली जागा करून घेते. पण रिंगेची स्वतःची स्प्रिंग फार कमजोर असते. तिला भिंतीवर खरं दाबतो तो स्फोटाचा गॅस, जो तिच्या मागच्या फटीत शिरतो. पाव मुठीवर हा दाब पुरेसा येत नाही. रिंग भिंतीला चिकटत नाही, ऑईलचा थर पुसला जात नाही, तोच तिथे भाजून खाचा बुजवतो. एकदा खाचा बुजल्या की नंतर कितीही जोरात चालवा, रिंगा बसत नाहीत.

म्हणून रोहन यांचं अर्धं बरोबर आहे. रिंगांना भार लागतो. आणि आजकालचं होनिंग इतकं चांगलं असतं की बरचसं काम पहिल्या थोड्या अंतरातच होतं. पण भारासाठी रेडलाईन लागत नाही. ३५०० ते ५०००, तिसऱ्या-चौथ्यात, मूठ दोन तृतीयांश उघडून गाडी खेचू द्या, मग मूठ सोडून गियरमध्येच खाली येऊ द्या. रिंगांना हवा तो दाब याने मिळतो. रेडलाईनला जो जादा ताण येतो तो पिस्टन, रॉड आणि बेअरिंगला येतो, त्याचा रिंगांना काही उपयोग नाही. शिवाय इंजिनात फक्त रिंगा नसतात, गियर आहेत, कॅम आहे, ते सगळे वेगवेगळ्या चालीने सरावतात.

रोहन_बाणेर

आबा, पटतंय पण पूर्ण नाही. माझी गाडी आणि माझ्या दोन मित्रांच्या गाड्या अशाच खेचून उत्तम चालतायत. नुकसान होत असतं तर तीनपैकी एकात तरी दिसायला हवं होतं ना?

आबा_चाकण

तुम्ही इंजिन गरम करून मग खेचली होती का?

रोहन_बाणेर

हो. आधी १५ मिनिटं सावकाश चालवली होती. आणि सलग कधीच ठेवली नाही, वर नेऊन सोडत होतो.

आबा_चाकण

मग तुम्ही दोन सगळ्यात मोठ्या चुका टाळल्या, थंड इंजिनाला जोर दिला नाही आणि एका जागी धरून ठेवलं नाही. गाडी चांगली राहण्यात त्याचा वाटा मोठा आहे. रेडलाईनने तिचं आयुष्य किती कमी झालं हे २२ हजाराला कळत नाही, कदाचित ६० हजारालाही कळणार नाही. तीन गाड्यांवरून मीही छातीठोक सांगणार नाही. पण कुणी मला विचारलं तर मी मॅन्युअलच्या मर्यादेत राहूनच भार द्यायला सांगेन, कारण वॉरंटीचं भांडण मालकाला एकट्याला लढावं लागतं.

निनाद_कर्वेनगर

आज सकाळी साडेसहाला चांदणी चौकातून भूगाव, पिरंगुट करत पौडपर्यंत जाऊन आलो. आबांनी सांगितलं तसं, तिसऱ्या-चौथ्यात खेचायचं आणि सोडायचं. पहिली दहा मिनिटं हळू. खरं सांगतो, परत येताना गाडी वेगळीच वाटली, मूठ हलकी लागत होती.

आता नवीन अडचण. ४७० किमी झालेत. सर्व्हिसची तारीख १२ दिवसांनंतरची मिळाली आहे. रोज ३२ किमी होतात, म्हणजे तोवर ८५० च्या वर जाईल. गाडी लावून ठेवू का?

सुप्रिया_गॅरेज_धनकवडी

मर्यादा ७५० आहे, तर ती ओलांडू नका. इंजिनाचा विचार केला तर ८५० ला काही बिघडत नाही, पण वॉरंटीच्या कागदावर ते उशीर म्हणूनच दिसेल. दुसरं अधिकृत सेंटर शोधा. पहिली फ्री सर्व्हिस त्या कंपनीच्या कुठल्याही अधिकृत ठिकाणी होते, गाडी घेतली तिथेच करावी लागत नाही. ५५०-६०० ला झाली तर उत्तम.

आता हे नीट वाचा, कारण पहिल्या सर्व्हिसला नेमकं काय होतं ते गिऱ्हाईक कधी बघत नाही. फ्री म्हणजे मजुरी फ्री, ऑईल आणि फिल्टरचे पैसे आपणच देतो. त्यामुळे घाईत कधीकधी ऑईल बदलतात आणि फिल्टर तसाच राहतो. नवीन इंजिनात पहिल्या काही शे किलोमीटरमध्येच सगळ्यात जास्त धातूचा भुगा निघतो, आणि त्यातला मोठा भाग फिल्टर पकडून ठेवतो. तो न बदलता ताजं ऑईल घालणं म्हणजे घाणेरड्या गाळणीतून चहा गाळणं. जॉबकार्डवर "ऑईल फिल्टर" आणि "टॅपेट" हे दोन शब्द लिहून घ्या आणि गाडीजवळ उभं राहायची परवानगी मागा.

टॅपेट म्हणजे व्हॉल्व्हच्या वरची बारीक फट, ती थंड इंजिनावर बघतात. तुम्ही नऊ किलोमीटर चालवत गेलात आणि लगेच काम सुरू झालं तर माप चुकीचं येणार. शक्य असेल तर आदल्या संध्याकाळी गाडी लावून या. नवीन इंजिनात व्हॉल्व्ह आपल्या सीटमध्ये थोडा रुतून बसतो, त्याने वरची फट कमी होते. अशा गाडीचा टिकटिक आवाज कमी होतो आणि मालक खूश होतो. पण फट संपली की गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, गॅस निसटतो आणि त्याची कड जळते. आमच्याकडे येणाऱ्या १५-२० हजाराच्या गाड्यांत हे दिसतं. किंचित टिकटिक करणारं इंजिन मला शांत इंजिनापेक्षा बरं वाटतं.

केदार_हडपसर

मी नवीन गाडीचं ऑईल स्वतःच २५० ला बदलतो, मग पुन्हा ५०० ला. भुगा लवकर निघालेला बरा. यात काही चूक आहे का?

सुप्रिया_गॅरेज_धनकवडी

चूक नाही, पण मी सगळ्यांना सांगत नाही. घरी ड्रेन बोल्ट आवळताना ॲल्युमिनियमच्या केसिंगचे आटे गेलेल्या गाड्या मी पाहिल्यात. वॉशर जुनाच लावला की पाझर. आणि वॉरंटीत कुणी विचारलं की बोल्ट आधीच कोणी उघडला होता, तर उत्तर काय देणार?

आबा_चाकण

माझं मत थोडं वेगळं आहे. ज्याला काम येतं त्याने २५०-३०० ला जरूर बदलावं, बिल जपून ठेवावं आणि मॅन्युअलमधल्या ग्रेडचंच घालावं. कारखान्यात आम्ही भाग कितीही धुतले तरी कोपऱ्यात बारीक काही राहतंच. यात सुप्रियाताईंचा आणि माझा मतभेद राहू दे.

रोहन_बाणेर

आणि सिंथेटिक? माझ्या मेकॅनिकने सांगितलं की पहिल्या सर्व्हिसला सिंथेटिक घातलं तर रिंगा बसतच नाहीत, फार गुळगुळीत असतं.

आबा_चाकण

हे मी खूप ऐकलंय. पण काही गाड्या कारखान्यातूनच सिंथेटिक भरून येतात आणि त्यांच्या रिंगा व्यवस्थित बसतात. मॅन्युअलमध्ये मिनरल चालतं असं असेल तर पहिल्या सर्व्हिसला महागाचं घालून फायदाही नाही, कारण ते लवकरच पुन्हा काढायचं आहे. डब्यावर मॅन्युअलमधली ग्रेड आणि जासो एमए किंवा एमए-२ आहे ना ते बघा. कारचं इंधन वाचवणारं ऑईल घातलं तर बाईकचा क्लच त्याच ऑईलमध्ये बुडालेला असल्यामुळे घसरायला लागतो.

निनाद_कर्वेनगर

सगळ्यांना सांगायला आलो. वारज्याच्या बाजूला दुसरं सेंटर मिळालं. ५६८ किमीला गाडी काल रात्री लावून आलो आणि आज सकाळी नऊला तिथे उभा होतो.

ऑईल ट्रेमध्ये पडलं तेव्हा मी मोबाईलचा टॉर्च धरला. मेटॅलिक रंगात असते तशी बारीक चमक सगळीकडे होती. बघून पोटात गोळा आला. सुप्रियाताई, तुमचा नंबर असता तर तिथूनच फोन केला असता. मेकॅनिकने बोटावर थेंब घेऊन दुसऱ्या बोटाने चोळायला सांगितलं. कण जाणवले नाहीत, फक्त चमक राहिली. ड्रेन बोल्टच्या लोहचुंबकावर राखाडी लेप होता, लोण्यासारखा. तो म्हणाला हे सगळ्या नव्या गाड्यांत असतं, टोचणारी कपची किंवा पत्र्यासारखा तुकडा निघाला असता तर त्याने सुपरवायझरला बोलावलं असतं.

फिल्टर जॉबकार्डवर लिहिला होता तरी तो नवीन ऑईल ओतायलाच निघाला होता. मी आठवण केली, त्याने शांतपणे आणून बदलला. टॅपेटमध्ये एक्झॉस्टचा ०.१० मिमी हवा होता, फिलर गेज लावल्यावर ०.०७ निघाला. इनटेक बरोबर होता. चेन बरीच सैल झाली होती, ती माझ्या लक्षातच आली नव्हती.

सुप्रिया_गॅरेज_धनकवडी

मेकॅनिक चांगला मिळाला, त्याचं नाव लिहून ठेवा आणि पुढच्या वेळी त्यालाच मागा. ०.०७ म्हणजे अजून वेळ होती, पण दुसऱ्या सर्व्हिसलाही बघायला सांगा. आता दर २०० किमीला सकाळी, गाडी सपाट जागेवर सरळ उभी धरून ऑईलची पातळी बघत चला आणि लिहून ठेवा.

दातार_सदाशिव

निनाद, तुमचा धागा वाचून माझ्या नातवाच्या गाडीची बिलं काढून पाहिली. पहिल्या सर्व्हिसच्या बिलावर ऑईल आहे, फिल्टर नाही. ३१०० किमी झालेत. आता काय करावं?

आबा_चाकण

दातारसाहेब, आधी मॅन्युअलमध्ये बघा की त्या गाडीला बदलायचा फिल्टर आहे का. काही लहान गाड्यांत फक्त जाळी असते, ती धुतात. फिल्टर असेल तर पुढच्या सर्व्हिसची वाट न बघता या आठवड्यात ऑईल आणि फिल्टर दोन्ही बदलून घ्या. जुना फिल्टर फेकू देऊ नका. कापून घड्या उलगडून बघा आणि फोटो इथे टाका.

निनाद_कर्वेनगर

११९० किमी. दिवे घाट काल पुन्हा डबलसीट चढलो, तिसऱ्यात ३५ ने, काटा ४५०० ला. थरथर अजिबात नाही. आज सकाळी ऑईल वरच्या रेघेपासून केसभर खाली आहे, ६०० ला होतं तिथेच. रात्री उभी ठेवून चालू केल्यावर धूर नाही. दातारकाका, फिल्टरच्या फोटोची वाट बघतोय.